परत न घेतलेले सतरा हजार शंभर

शांतीलालभाऊ निवृत्त व्हायच्या आठवड्यात चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "दामिनी, मशीनले एकदाव 'गप बस' म्हनं ना बेटा, तं मंग घर जळी गयं तरी ते गपच बसी ऱ्हास. कवलोंग गप बसानं, ती तारीख तरी लिखी ठेव."

मी हसले. एकतीस वर्षं हिरव्या पेनाने बिलांवर टिका मारणारा माणूस मला संगणक शिकवत होता. "भाऊ, तुम्ही आता आराम करा," मी म्हणाले. ते म्हणाले, "मी आरामच करसू. तू कर का नको कर, ते तू पाय." आणि गेले. पुढच्या सोमवारी त्यांची खुर्ची प्रिंटर ठेवायला कामाला आली.

आमची कंपनी नंदुरबारच्या बाहेर आहे, मिरचीच्या पथाऱ्या संपतात तिथे. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोठं मोकळं आवार. हंगामात बसमधून उतरलं की आधी शिंक येते आणि मग कंपनी दिसते. आम्ही तिखट करतो, पॅक करतो आणि चार राज्यांत पाठवतो. मी लोणखेड्याच्या कॉलेजातून एम.कॉम. झाले आणि इथे अंतर्गत लेखापरीक्षणात लागले. मुलगी मयूरी तेव्हा चौदा महिन्यांची होती. ती दिवसभर सासूबाईंकडे, आणि मी दिवसभर फोनकडे. दर तासाला एक फोन. खाल्लं का, शी झाली का, कपाळाला हात लावून पाहा ना. सासूबाई, सुगंधाबाई, एकदा वैतागून म्हणाल्या, "पोर जेवनी, झोपनी, आनि तुन्हा फोनगुंता उठनी." त्यानंतर त्यांनी फोनचा आवाज बंद करून तो गव्हाच्या डब्यावर ठेवायला सुरुवात केली. मला हे फार उशिरा कळलं.

ऑगस्टमध्ये कंपनीने नवी यंत्रणा घेतली. पूर्वी वर्षातून एकदा लेखापरीक्षक यायचे, शंभरातली पाच बिलं काढून बघायचे, जेवायचे आणि जायचे. आता तसं नाही. पुरवठादाराचं बिल संगणकात चढलं की दोन तासांच्या आत ते मागच्या सगळ्या बिलांशी ताडून पाहिलं जातं. मंगळवारी आणि शुक्रवारी पैसे सुटतात. त्याआधी काही संशयास्पद वाटलं तर ते पेमेंट अडतं आणि माझ्या पडद्यावर लाल ओळ येते. त्या ओळीला अलर्ट म्हणायचं. मी कागद बघायचे, खरं-खोटं ठरवायचं, कारण लिहायचं आणि ओळ बंद करायची.

मुख्य शोध एकच होता, तो म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोनदा तर जात नाहीत ना. ऐकायला वाटतं की असं कसं होईल? होतं. बिलाचा फोटो आधी येतो, कागद मागून येतो, दोन वेगळे हात दोघांनाही संगणकात चढवतात. यंत्रणा म्हणून अनेक बाजूंनी पाहते. पुरवठादार तोच आणि बिल नंबर तोच आहे का? नंबरमागचे-पुढचे शून्य, रेघा, अक्षरं काढून टाकली तर तोच होतो का? नंबर वेगळा पण रक्कम तीच आणि दिवस जवळचे आहेत का? आणि सर्वांत हुशार प्रश्न: पुरवठादार दोन वेगळे, पण बँक खातं एकच आहे का?

या शेवटच्या प्रश्नाने माझा जीव खाल्ला.

कारण नवापूरकडचे आमचे टोपलीवाले. पथारीवर मिरची उचलायला बांबूच्या टोपल्या लागतात, हजारोंनी लागतात, आणि प्लास्टिकच्या क्रेटमध्ये मिरचीला घाम येतो असं आमच्या पथारीचे मुकादम उदेसिंगदादा सांगतात. त्या टोपल्या खांडबाऱ्याच्या पलीकडच्या पाड्यांवरून येतात. तिथे चौघा-पाचजणांच्या नावाने बिलं आणि खातं मात्र एकच. बँक लांब. एका बाईकडे एटीएमचं कार्ड आहे, तिला गाडीत बसायची भीती वाटत नाही, म्हणून सगळे तिचाच नंबर देतात. ती पैसे काढते, आणून ज्याचे त्याला मोजून देते. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. पाड्यावर त्याला कोणी व्यवस्था म्हणत नाही, रूथला देऊन ठेव, असं म्हणतात.

यंत्रणेला हे कोण सांगणार? तिला दिसायचं: पुरवठादार चार, खातं एक. लाल, लाल, लाल, लाल. पहिल्या महिन्यात माझ्याकडे एकशे नव्वद अलर्ट आले. त्यातले दीडशे नुसते टोपल्यांचे, आणि सगळे खोटे. मी प्रत्येकावर लिहायचे: 'स्थानिक पद्धत, गैर नाही.' दीडशे वेळा. घरी मयूरीला दात येत होते, रात्री ती मला झोपू देत नव्हती आणि दिवसा टोपल्या.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मी एक नियम लिहिला. नवापूर भाग, टोपली पुरवठा, एकच बँक खातं: अलर्ट नको. शेवटी एक रकाना होता, 'कधीपर्यंत'. तो भरणं सक्तीचं नव्हतं. मी तो रिकामा सोडला.

दुसऱ्या दिवशी पडदा असा शांत झाला की मला वाटलं वीज गेली.

हेमकांत सर, आमचे लेखाप्रमुख, खूश झाले. एकशे नव्वदवरून चाळीसवर. त्यांनी वरच्या साहेबांना आलेख दाखवला. पुढे त्यांच्याच डोक्यातून पाटी निघाली. गेटजवळ 'अपघाताशिवाय दिवस' अशी एक पाटी आहेच. तिच्याखाली दुसरी लागली: 'दुहेरी पेमेंटशिवाय दिवस'. वॉचमन रोज सकाळी खडूने आकडा वाढवायचा. वार्षिक कार्यक्रमात मला स्टीलचा डबा आणि श्रीफळ मिळालं. भूपेंद्र, माझे मिस्टर, डबा उघडून म्हणाले, "रिकामाच आहे." मी म्हटलं, "त्यात भरायचं आपण असतं." घरात हसू झालं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. पाटीवर ११८ होता. दुपारी वॉचमनचा फोन आला, "मॅडम, एक बाई येल शे. पैसा परत करानं म्हनस."

"कोणाचे पैसे?"

"आपला कंपनीना. ती म्हनस, जास्त दिधात."

आजवर पैसे मागायला आलेले पुरवठादार मी बघितले होते. द्यायला आलेला पहिलाच. मी बाहेर गेले. बाकड्यावर एक बाई बसली होती, चाळिशीची, पांढऱ्या बारीक काठाची साडी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. मी नाव विचारलं.

"रूथ. रूथ स्टीफन गावित. टोपलीवाली."

म्हणजे हीच ती एटीएमवाली. चार नावांच्या बिलांमागचा एक माणूस.

तिने पासबुक काढलं. ते पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल दुसऱ्या पिशवीत. बोट ठेवून दाखवलं. "हे बघा मॅडम. सतरा हजार शंभर. आणि तीन दिवसांनी पुन्हा सतरा हजार शंभर. मी टोपल्या एकशे ऐंशीच दिल्या, पंच्याण्णवने. दोनदा दिल्या नाहीत. नाताळ होता, पोरं कपडे मागत होती, तरी मी हात नाही लावला. काढून आणलेत, मोजून घ्या."

मी तिला आत आणलं आणि पडद्यावर तिचा पुरवठादार कोड टाकला. डिसेंबरमध्ये एकच पेमेंट दिसलं: सतरा हजार शंभर, बिल नंबर चौदा.

"एकच दिसतंय, रूथबाई."

"पासबुकात दोन आहेत."

"तुमच्या खात्यावर बाकीच्यांचेही पैसे येतात ना? आमशाचे, पार्वतीबाईंचे? दुसरे त्यांचे असतील."

"त्यांची बिलं मला माहीत आहेत. आमशाची टोपली कधी शंभरच्या वर जात नाही, त्याचा हात दुखतो. ही रक्कम कोणाचीच नाही." मग म्हणाली, "आणि मॅडम, उद्या तुम्ही म्हणाल, रूथने खाल्ले."

तीच एक गोष्ट तिच्यासाठी महत्त्वाची होती, आणि ती तिने पहिल्याच दिवशी, पहिल्याच पाच मिनिटांत मला सांगितली. तिच्याकडे पाड्याचे पैसे येत होते ते तिच्या नावावर विश्वास म्हणून. नाव गेलं की सगळंच गेलं.

मी पुढे शोधायला हवं होतं. खात्याचा नंबर टाकून शोधलं असतं तर दहा सेकंदांत दिसलं असतं. पण साडेचार वाजले होते, सासूबाई फोन उचलत नव्हत्या, सकाळी मयूरीचं अंग जरा कोमट होतं. आणि आणखी एक, जे मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नाही: माझ्या यंत्रणेत दुहेरी पेमेंट नव्हतं. गेटवर पाटी होती.

तरी मी तिला हेमकांत सरांकडे नेलं. सरांनी मान वर केली नाही. "अलर्ट नंबर काय?"

"सर, अलर्ट आलेला नाही."

"अलर्ट नाही, मग दुहेरी कसं?"

"बाईंचं म्हणणं आहे."

"बाईंच्या म्हणण्यावर मी पावती कशी फाडू? कशापोटी जमा घेऊ? उद्या ऑडिटवाले विचारतील, हे सतरा हजार कुठून आले." ते रूथकडे वळले आणि गोड आवाजात म्हणाले, "मावशी, पैसे तुमच्याच खात्यात आलेत ना? मग देवाने दिले म्हणा."

रूथ म्हणाली, "देव बँकेतून देत नाही, साहेब."

सर हसले. मीही हसले. आमच्या हसण्यात ती नव्हती.

तिने एक वहीचा कागद काढला. पोराकडून लिहून आणला होता: मी खालील सही करणार, माझ्या खात्यात एकाच बिलाचे पैसे दोनदा आले आहेत, ते परत घ्यावेत. तिला त्यावर आमचा आवक शिक्का हवा होता, बाकी काही नको. शिक्का माझ्याच टेबलावर असतो. पण शिक्का मारायचा तर आवक वहीत विषय लिहावा लागतो. 'दुहेरी पेमेंट' असा विषय लिहिला की त्या दिवशी पाटी पुसून शून्य करावी लागते. सरांनी माझ्याकडे फक्त बघितलं.

"बघून कळवते, रूथबाई," मी म्हणाले. कागद ठेवून घेतला, शिक्का नाही मारला.

घरी मयूरी ठणठणीत होती. गव्हाच्या डब्यावर माझे सात मिस्ड कॉल पडले होते.

जानेवारीत रूथ पुन्हा आली. या वेळी आत येऊ दिलं नाही कोणी. मी मीटिंगमध्ये होते, निघाले तोवर ती गाडीला गेली होती. वॉचमन म्हणाला, "पिशवी दखाडी ऱ्हायंती. मी म्हनं, मावशी, इतला पैसा लिसन गाडीम्हा नको फिरू." त्याच आठवड्यात तिच्या शंभर टोपल्या पथारीवर उतरल्या. साडेनऊ हजारांचं बिल, ते उदेसिंगदादांच्या सहीवाचून मार्चपर्यंत पडून राहिलं. म्हणजे काम चालू होतं, संबंध चालू होता. मी मनाला म्हटलं, सगळं ठीक आहे. तिचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

मार्चमध्ये पुण्याहून एक तपासनीस आले, यंत्रणेची परीक्षा घ्यायला. चष्मा, डबा घरचा, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी एकच काम केलं. मी आणि इतरांनी जे जे गप्प केलेलं होतं ते सगळं त्यांनी सुरू केलं आणि नमुन्याला डिसेंबरची बिलं पुन्हा यंत्रणेतून फिरवली. दुपारी माझ्याकडे कागद सरकवला.

दोनशे तीन ओळी. दोनशे दोन खोट्या. एक खरी.

पुरवठादार पहिला: रूथ स्टीफन गावित. पुरवठादार दुसरा: स्टीफन दानियल गावित. खातं एकच. बिल चौदा. रक्कम सतरा हजार शंभर, तीन दिवसांच्या अंतराने.

मी उदेसिंगदादांना बोलावलं. त्यांनी कानामागे हात नेला. "मॅडम, टोपल्या उतरल्या त्या दिवशीच मी बिलाचा फोटो ऑफिसला टाकला, म्हणजे बाईंचे पैसे लवकर सुटावेत. नेहमी टाकतो. आणि फोटोखाली लिहितो, स्टीफन टोपलीवाला."

"पण बिल रूथबाईंचं होतं."

"हो, पण दहा वर्षं आम्ही स्टीफनच म्हणतो. तो सुरुवातीला यायचा ना. तो वारला, तरी पथारीवर टोपली म्हटलं की स्टीफन."

ऑफिसमधल्या नव्या मुलीने फोटोखालचं नाव वाचलं आणि स्टीफनच्या जुन्या कोडवर बिल चढवलं. तो कोड कोणी बंदच केला नव्हता. पुरवठादार वारला हे कळवायचा फॉर्म आमच्याकडे नाही. तीन दिवसांनी कागदी बिल आलं, रूथच्या सहीचं, ते रूथच्या कोडवर चढलं. रक्कम पंचवीस हजारांच्या आत, त्यामुळे खरेदी-आदेश लागत नाही, दोन्हीवर उदेसिंगदादांची सही पुरली. कोड दोन, म्हणून 'तोच पुरवठादार, तोच नंबर' हा प्रश्न चुकला. राहिला खात्याचा प्रश्न, एकटा तोच पकडणार होता. खातं दोघांच्या नावाचं होतं, नवरा-बायकोचं. बायकोने नाव काढलं नव्हतं. एका मेलेल्या माणसाला आम्ही मंगळवारी पैसे दिले आणि त्याच्या बायकोला शुक्रवारी, त्याच बिलाचे.

तपासनीसांनी नियमाच्या मालकाचं नाव वाचलं. "दामिनी मॅडम. कधीपर्यंत: रिकामं." त्यांनी कागद फाईलला लावला.

मी त्याच दुपारी सांगितलं. ड्रॉवरमधला कागद काढला, हेमकांत सरांसमोर ठेवला. "बाई स्वतः आली होती. डिसेंबरमध्ये. पैसे घेऊन."

"शिक्का कुठे आहे?" तपासनीसांनी विचारलं.

"नाही मारला."

"मग ती आली होती हे कुठे आहे?"

सर खिडकीतून पथारीकडे बघत होते. पाटीवर तेव्हा १९५ होता.

तपासनीस वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा अहवाल एका ठरलेल्या साच्यात जातो. साच्यात 'प्रामाणिक बाई' असा रकाना नाही. 'मृत पुरवठादाराचा कोड चालू, तेच बँक खाते दुसऱ्या पुरवठादाराकडे' याला यंत्रणा आपोआप एक नाव देते: संशयित. तो शेरा पडला की दोन्ही कोड आपोआप बंद होतात, आणि पत्र आपोआप निघतं. मी कळ दाबायच्या आधी ते छापूनसुद्धा झालं होतं. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या खात्यावर अनेक पुरवठादारांच्या रकमा जमा झाल्याचे संशयास्पद आढळले असून दुहेरी अदायगीची रक्कम तातडीने परत करावी.' तिने दोनदा दाराशी आणलेले पैसे तातडीने परत करावेत, आणि तिचे जानेवारीचे साडेनऊ हजार थांबवले. ते रजिस्टर पोस्टाने गेलं. मी तिच्या फोनवर लावत बसले, तो लागत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्या पडद्यावर एक लाल ओळ आली. मी घाबरत उघडली. 'कंपनीच्या खात्यात अनोळखी जमा, जुळणारी नोंद नाही.' रक्कम सतरा हजार शंभर. पाठवणाऱ्याचं नाव: स्टीफन दानियल गावित.

आमच्या यंत्रणेने मेलेल्या माणसाला पैसे जाताना तोंड उघडलं नव्हतं. त्याने परत केले तेव्हा तिने दोन तासांत माझ्याकडे तक्रार केली.

हेमकांत सरांनी लगेच विचारलं, "अलर्ट नंबर आहे ना? मग आता पावती फाडता येईल." आणि फाडली. मी अहवालाला माझं निवेदन जोडलं, सगळं: ती कोणत्या दिवशी आली, काय म्हणाली, मी शिक्का का मारला नाही. निवेदनावर माझी सही बघून तपासनीसांनी पुण्याहून फोन केला आणि एकच वाक्य बोलले, "उशिरा आहे, पण चालेल." रूथचा कोड उघडला. संशयित शेरा निघाला. माझ्या निवेदनाचा परिणाम वार्षिक पगारवाढीत दिसेल, दिसू दे. पाटी पुसली, शून्यावर आली, आणि मुळात ती नकोच म्हणून मी उतरवायला लावली.

शुक्रवारी तिचे साडेनऊ हजार सोडले. सोमवारी ते परत आले. कारण: खातं बंद.

एका रविवारी मी खांडबाऱ्याला उतरले. मयूरीला कडेवर घेतलं, कारण तिला सोडून जायला मन होईना. भूपेंद्र सोबत होते. पाड्यावर आमशा भेटला, उन्हात पट्ट्या सोलत बसलेला. हातांवर बांबूचे ओरखडे, म्हातारा, पण डोळे लख्ख. रूथबाई कुठे आहेत, विचारलं. त्याने मयूरीला आधी बसायला गोणपाट टाकलं.

"पत्र आलं. पोस्टमनने वाचून दाखवलं चर्चपुढे. त्यात होतं, लोकांच्या रकमा रूथच्या खात्यात. मग आम्ही विचारलं."

"काय विचारलं?"

"आमचेही खाल्ले का." तो पट्टी सोलत राहिला. "मीच विचारलं. पार्वती नको म्हणत होती. मी विचारलं."

त्यानंतर रूथ बँकेत गेली. पासबुक घेऊन एकेकाच्या दारात बसली, वर्षभराचं मोजून दाखवलं. कोणाचा एक रुपया कमी निघाला नाही. मग पुन्हा बँकेत जाऊन तिने कंपनीचे पैसे पाठवले, खातं बंद करून आली, आणि कार्ड चुलीत टाकलं, असं आमशाने सांगितलं. "म्हणाली, आता माझ्या नंबरावर कोणाचे पैसे घ्यायचे नाहीत. घराला कुलूप लावलं आणि पोरांना घेऊन चिंचपाड्याकडे बहिणीकडे गेली. बहिणीचं नाव दोधू. पुढचं काही माहीत नाही."

भूपेंद्र म्हणाले, "तुम्ही माफी मागितली का?"

आमशा म्हणाला, "आम्ही टोपल्या ठेवल्या होत्या तिच्या ओट्यावर. तशाच आहेत."

मी ओट्यावर गेले. वीस-पंचवीस टोपल्या होत्या, एकात एक घातलेल्या, वरची धुळीने पांढरी. कुलूप नवं होतं.

चिंचपाड्याला मी दोनदा फोनवर चौकशी केली. दोधू नावाच्या बायका तिथे चार निघाल्या. शाळेच्या बाईंनी सांगितलं की दोन नवी मुलं आली होती, गावित आडनावाची, पण आठवड्याभरात पुन्हा यायची थांबली. मयूरीला कांजिण्या निघाल्यात, मला सध्या घर सोडता येत नाही. सासूबाईंनी फोनचा आवाज चालू केलाय आणि आता त्याच मला दर तासाला फोन करतात.

म्हणून लिहितेय. तुमच्यापैकी कोणी चिंचपाडा, खांडबारा, नवापूर या बाजूने जात असेल, तर रूथ स्टीफन गावित यांची चौकशी करा. चाळिशीच्या, बारीक काठाची पांढरी साडी, बरोबर दोन मुलं. आधी बऱ्या आहेत का, मुलं शाळेत जातात का, ते बघा. कंपनीचं नाव नंतर काढा. त्या पैशांचं विचारणार नाहीत, तरी सांगा की साडेनऊ हजार त्यांचेच आहेत, आमच्याकडे पडून आहेत, आणि कागदावर त्यांच्याविरुद्ध आता एक अक्षरही नाही. त्या काही बोलल्या तर तेवढं मला कळवा. नाही बोलल्या तरी कळवा.